दोन सप्लाय, एक लोड: एलएम३५८ आणि मॉस्फेट वापरून आदर्श डायोड कसा बनवावा

दोन सप्लाय एकाच लोडला जोडायचे म्हटलं की पहिला सल्ला येतो, "दोन शॉटकी डायोड टाका." सर्किट चालतं, पण ५ अँपिअरला अर्धा व्होल्ट डायोडमध्येच जातो आणि अडीच वॉटची उष्णता हीटसिंकवर सांभाळत बसावं लागतं. आठ मिलिओहमचा मॉस्फेट त्याच प्रवाहाला ४० मिलिव्होल्टच खातो, म्हणजे ०.२ वॉट. हीटसिंक लागत नाही. प्रश्न एवढाच, की मॉस्फेट दोन्ही दिशांनी वाहतो, त्यामुळे तो योग्य क्षणी बंद करायला कुणीतरी लागतं. ते काम ऑप-अँपचं, इथे एलएम३५८ चं. मॉस्फेट आणि ऑप-अँपची ही जोडी म्हणजेच आदर्श डायोड.

आपलं उदाहरण असं धरू. १३.५ व्होल्टवर लावलेला एसएमपीएस, बॅकअपला १२ व्होल्टची लेड-ॲसिड बॅटरी, आणि ५ अँपिअरपर्यंत घेणारा लोड. बॅटरीचा चार्जर वेगळा आहे, त्याचा इथे संबंध नाही. ज्याचं व्होल्टेज जास्त तोच सप्लाय लोड उचलतो. म्हणून एसएमपीएस १२ वर ठेवून चालणार नाही. भरलेली बॅटरी १२.७ दाखवते आणि एसएमपीएस चालू असूनही लोड तिच्यावरच जाईल.

मॉस्फेट ऋण तारेत टाका

नेटवर बहुतेक चित्रांत पी-चॅनेल मॉस्फेट धन तारेत असतो आणि शेजारी बिनधास्त एलएम३५८ काढलेला असतो. ते चालत नाही. एलएम३५८ चे इनपुट स्वतःच्या धन सप्लायपेक्षा साधारण दीड व्होल्ट खालीच नीट काम करतात, आणि इथे तर ते थेट सप्लायच्या पातळीवर बसतात. त्या जागी रेल-टू-रेल इनपुटचा ऑप-अँपच हवा. हाच एलएम३५८ शून्य व्होल्टजवळ मात्र मजेत काम करतो, म्हणून एन-चॅनेल मॉस्फेट ऋण तारेत टाकायचा. दोन्ही सप्लायचे धन टोक थेट एकत्र, आणि प्रत्येकाच्या ऋण तारेत एक मॉस्फेट. मी आयआरएफ३२०५ वापरतो: ५५ व्होल्ट, ८ मिलिओहम.

सोर्स लोडच्या बाजूला, ड्रेन सप्लायच्या ऋण टोकाला. नेहमीच्या स्विचिंगची सवय असेल तर हे उलटं वाटेल, पण इथे मॉस्फेटच्या आतच असलेल्या बॉडी डायोडची दिशा महत्त्वाची आहे. सोर्सकडून ड्रेनकडे, म्हणजे लोडकडून सप्लायकडे, प्रवाह त्यातून जायलाच हवा. उलट बसवला तर बॉडी डायोड उलटा प्रवाह कायम जाऊ देईल आणि ऑप-अँपला त्याबाबत काहीही करता येणार नाही.

ऑप-अँपची जोडणी

एका एलएम३५८ मध्ये दोन ऑप-अँप असतात, म्हणजे दोन्ही सप्लायचं काम भागतं. आयसीचा धन पाय लोडच्या धनाला, ऋण पाय लोडच्या ऋणाला, आणि पायांजवळच १०० नॅनोफॅरडचा कपॅसिटर. प्रत्येक ऑप-अँपचा इन्व्हर्टिंग इनपुट १ किलोओहममधून आपापल्या मॉस्फेटच्या ड्रेनला, नॉन-इन्व्हर्टिंग १ किलोओहममधून सोर्सला. आउटपुट १०० ओहममधून गेटला, आणि गेट-सोर्समध्ये १०० किलोओहम. लोडवर ४७० ते १००० मायक्रोफॅरड ठेवा.

सोर्सची तार मॉस्फेटच्या पायावरूनच घ्या. दोन्हीसाठी एकच सोयीचा ग्राउंड पकडलात, तर एका मॉस्फेटच्या ५ अँपिअरमुळे पट्टीवर पडणारे पाच-दहा मिलिव्होल्ट दुसऱ्या ऑप-अँपच्या मापात शिरतात.

आता आयसी सॉकेटमधून काढूनच एकदा सप्लाय चालू करा. लोड बॉडी डायोडवर चालला पाहिजे आणि ड्रेन-सोर्समध्ये ०.६ ते ०.७ व्होल्ट दिसले पाहिजेत. दिसले नाहीत तर मॉस्फेट उलटा आहे. या अवस्थेत पूर्ण लोड टाकून बराच वेळ ठेवू नका, बॉडी डायोडमध्ये तीन-साडेतीन वॉट तापतील.

ऑफसेट: खरी गोम इथे आहे

मला सगळ्यात जास्त झुंजवलं ते या पायरीने, आणि बहुतेक लेख ती एका ओळीत उरकतात.

प्रवाह योग्य दिशेने वाहत असताना ड्रेन सोर्सपेक्षा थोडा ऋण असतो. ऑप-अँप ते पाहून गेट वर नेतो आणि मॉस्फेट चालू होतो. प्रवाह उलटला की ड्रेन धन होतो, गेट खाली येतं. कागदावर ठीक आहे. पण ऑप-अँपचं शून्य हे खरं शून्य नसतं. साध्या एलएम३५८ चा ऑफसेट ७ मिलिव्होल्टपर्यंत असू शकतो, कुठल्याही दिशेने. समजा तो वाईट दिशेने पूर्ण ७ आहे. मग ड्रेन सोर्सपेक्षा ७ मिलिव्होल्ट वर जाईपर्यंत ऑप-अँपला सगळं आलबेल वाटतं. आठ मिलिओहमला सात मिलिव्होल्ट म्हणजे जवळपास ०.९ अँपिअर उलटा प्रवाह, आणि मॉस्फेट तरीही पूर्ण चालू! मॉस्फेट जितका चांगला, तितकी ही भानगड मोठी. कमी ओहमचा मॉस्फेट घ्या म्हणजे प्रश्न सुटेल, असं सांगणाऱ्याने हा भागाकार केलेला नसतो.

लक्षण ओळखायला सोपं आहे. सर्किट चालू असताना एसएमपीएसची मेन्स बंद करा. लोड बॅटरीवर जातो, सगळं छान, पण एसएमपीएसचा हिरवा दिवा विझतच नाही. बॅटरी त्याला उलट्या बाजूने पोसत असते. बंद एसएमपीएस फार तर काही दहा मिलिअँपिअर घेतो, त्याने मॉस्फेटवर अर्धा मिलिव्होल्टही पडत नाही, मग सात कुठून ओलांडणार? ऑप-अँप तसाच झोपलेला राहतो.

फसवणारी गोष्ट पुढे आहे. आधीपासून बंद असलेला एसएमपीएस जोडून पाहिलात तर चाचणी पास होते. तेव्हा ड्रेनवर सुरुवातीलाच कित्येक व्होल्ट असतात, मॉस्फेट बंद असतो आणि बंदच राहतो. म्हणून चाचणी चालू सर्किटवर मेन्स काढूनच घ्यायची. शिवाय एकाच आयसीतला एक ऑप-अँप नीट वागतो आणि दुसरा नाही, कारण दोघांचे ऑफसेट वेगळे असतात. एक बाजू चालली म्हणून दुसरी गृहीत धरू नका.

यावर पोटेन्शिओमीटर लावून ऑफसेट शून्यावर आणायचा सल्ला मिळेल. ऐकू नका. तापमान बदललं की शून्य सरकतं, आणि आपल्याला शून्य नकोच आहे. आपल्याला ऑप-अँप मुद्दाम एका बाजूला झुकलेला हवा, इतका की त्याचा वाईटातला वाईट ऑफसेटही त्याला उलट दिशेला नेऊ शकणार नाही.

त्यासाठी एकच रेझिस्टर पुरतो. लोडच्या धनापासून इन्व्हर्टिंग इनपुटला ८२० किलोओहम जोडा. १२ व्होल्टला त्यातून सुमारे १४.६ मायक्रोअँपिअर येतात आणि ते ड्रेनकडच्या १ किलोओहममधून जाताना १४.६ मिलिव्होल्ट उभे करतात. आता ऑप-अँपचं समाधान ड्रेन सोर्सपेक्षा साधारण १५ मिलिव्होल्ट खाली असतानाच होतं. ऑफसेट सात इकडे की तिकडे, तरी आकडा ७ ते २२ च्या मध्ये राहतो आणि नेहमी योग्य दिशेलाच. १३.५ व्होल्टला तो दोनेक मिलिव्होल्टने वाढतो, बिघडत काही नाही.

किंमत काय? हलक्या लोडवर ऑप-अँप मॉस्फेटला अर्धवट चालू ठेवून हे १५ मिलिव्होल्ट राखतो. पावणेदोन-दोन अँपिअरच्या पुढे मॉस्फेटचा स्वतःचा ड्रॉपच तेवढा होतो, गेट वर जाऊन टेकतं, आणि तिथून पुढे तो साधा आठ मिलिओहमचा रेझिस्टर. प्रवाह शून्याकडे जाताना गेट आपोआप उतरतं, त्यामुळे उलटा प्रवाह सुरू होण्याआधीच मॉस्फेट बंद झालेला असतो. सप्लायची तार तुटली किंवा प्लग निघाला तर हाच ८२० किलोओहम ड्रेनला वर खेचून मॉस्फेट बंद करतो. आदर्श डायोडसाठी बनवलेला एलटीसी४३५७ सुद्धा शून्य राखत नाही, २५ मिलिव्होल्ट राखतो, ते याच कारणासाठी.

ऑप-अँपऐवजी कंपॅरेटर का नको, याचं उत्तरही इथेच आहे. हलक्या लोडवर तो मॉस्फेट पूर्ण चालू करतो, ड्रॉप उंबरठ्याच्या खाली जातो, म्हणून तो बंद करतो, ड्रॉप ०.६ होतो, पुन्हा चालू करतो, आणि हे चालूच राहतं.

तपासणी

१०० मिलिअँपिअरच्या लोडवर चालू बाजूच्या ड्रेन-सोर्समध्ये ७ ते २५ मिलिव्होल्ट दिसावेत. ५ अँपिअरला ४० च्या आसपास. मग एसएमपीएसच्या जागी बेंच सप्लाय लावा, सर्किटच्या ज्या टोकांना तो जोडला तिथेच १ किलोओहम समांतर जोडा आणि चालू सर्किटमध्ये फक्त सप्लायच्या तारा उपटा, रेझिस्टर तिथेच राहू द्या. रेझिस्टरवर काही मिलिव्होल्टच उरले पाहिजेत. बॅटरीचं व्होल्टेज दिसलं तर मॉस्फेट चालूच राहिला आहे. नुसत्या मल्टिमीटरने मोजू नका, मायक्रोअँपिअरभर गळतीही त्यावर मोठी दिसते. हीच चाचणी बॅटरीच्या बाजूलाही करा.

ऑसिलोस्कोप असेल तर हलक्या लोडवर गेट पाहा. तिथे लहरी दिसल्या तर आउटपुट आणि इन्व्हर्टिंग इनपुटमध्ये १०० पिकोफॅरड टाका. पण स्कोपची ग्राउंड क्लिप लावण्याआधी एसएमपीएसचं ऋण टोक अर्थशी जोडलेलं नाही ना, ते पाहा. जोडलेलं असेल तर क्लिप लोडच्या ऋणाला लावताच मॉस्फेटला बगल मिळते. दोन्ही सप्लायची ऋण टोकं धातूच्या पेटीतून, अर्थमधून किंवा एखाद्या सिग्नलच्या तारेतून कुठेही परस्पर भेटत असतील तर ऋण तारेतलं हे सर्किट निरुपयोगी आहे. तिथे रेल-टू-रेल ऑप-अँप घ्या आणि पी-चॅनेल धन तारेत टाका.

एलएम३५८ मंद आहे. त्याचं आउटपुट मायक्रोसेकंदाला ०.३ व्होल्टच सरकतं, म्हणजे गेट उतरायला २५-३० मायक्रोसेकंद जातात. मेन्स गेली, प्लग निघाला, बॅटरी उतरली, अशा कामांना तेवढं पुष्कळ झालं. पण एक सप्लाय आतून थेट शॉर्ट झाला तर तेवढ्या वेळात दुसऱ्यातून शंभरावर अँपिअर जाऊ शकतात आणि लोडचं व्होल्टेज क्षणभर कोसळतं. प्रत्येक सप्लायच्या धन तारेत फ्यूज घालाच, बॅटरीचा तर तिच्या टोकाला अगदी चिकटून. आणि तो क्षणभराचा खड्डाही लोडला चालणार नसेल, तर एका मायक्रोसेकंदाच्या आत बंद करणारा एलटीसी४३५७ सारखा तयार कंट्रोलर घ्या.