एनपीव्हीचा आलेख काढताना या चुका टाळा: द्राक्षबागेच्या हिशोबातून

पिंपळगाव बसवंतकडचा एक तरुण गेल्या हंगामात माझ्याकडे लॅपटॉप घेऊन आला. तीन एकर नवी द्राक्षबाग लावायची, त्यासाठी कर्ज घ्यायचं, म्हणून त्याने स्वतःच एक्सेलमध्ये हिशोब मांडला होता. पुढचे पैसे ज्या दराने आजच्या किमतीत आणतात त्या डिस्काउंट रेटचे वेगवेगळे आकडे घेऊन बागेचं निव्वळ वर्तमान मूल्य, म्हणजे एनपीव्ही, किती येतं याचा आलेखही काढला होता. रेषा शून्याला 21.4 टक्क्यांवर कापत होती. "काका, बँक दहा टक्क्यांनी देतेय. मग अकरा टक्क्यांचं अंतर आहे ना?"

अंतर तेवढं नव्हतं. त्याचे आकडे मात्र साधे आणि प्रामाणिक होते. डॉगरिज खुंट, कलम, वाय अँगलचा मांडव, तारा आणि ठिबक मिळून आज 20 लाख. पहिली दोन वर्षं हातात काही नाही, कारण तेव्हाचा औषध-मजुरीचा खर्च आंतरपिकातून निघेल असं त्याने धरलं होतं. तिसऱ्या वर्षापासून बाराव्या वर्षापर्यंत खर्च जाऊन दरवर्षी 5 लाख.

रिकामा सेल म्हणजे शून्य नव्हे

चूक त्या दोन वर्षांत होती. पैसे येणार नाहीत म्हणून त्याने तिथले सेल रिकामे सोडले होते. एक्सेलचं एनपीव्ही फंक्शन रिकाम्या सेलला शून्य धरत नाही, तो सेल सरळ वगळून पुढे जातं. त्यामुळे तिसऱ्या वर्षाचे 5 लाख पहिल्या वर्षाला मिळाल्यासारखे मोजले गेले आणि मागची सगळी ओळ दोन वर्षं अलीकडे सरकली. एनपीव्ही ज्या दराला शून्य होते तो दर काढणारं आयआरआर फंक्शनही तसंच वागतं, म्हणून दोन्ही उत्तरं एकमेकांशी जुळतात आणि शंकाच येत नाही. 0 टक्क्यांवर पडताळलं तरी चूक सापडत नाही, कारण बेरीज 30 लाखच येते. तिथे वेळेला किंमतच नसते.

दोन्ही सेलमध्ये 0 टाकल्यावर शून्य कापण्याची जागा 21.4 वरून 14.05 टक्क्यांवर आली. 10 टक्क्यांची एनपीव्ही 10.72 लाखांवरून 5.39 लाखांवर उतरली. बाग तीच, गृहीतकं तीच, फक्त दोन शून्यं भरली.

आजचे पैसे फंक्शनच्या आत

दुसरी चूक मला इतक्या हिशोबांत दिसते की आता शीट उघडली की पहिल्यांदा तेच पाहतो. या फंक्शनला दिलेली पहिली रक्कम ते एक वर्षानंतरची समजतं. आज खर्च होणारे 20 लाख आत टाकले, तर सगळा हिशोबच एक वर्ष पुढे ढकलला जातो. B2 मध्ये आजचा खर्च वजा चिन्हासह, B3 ते B14 मध्ये बारा वर्षं आणि D2 मध्ये दर असेल, तर सूत्र असं हवं:

```
=$B$2+NPV(D2,$B$3:$B$14)
```

ही चूक पकडायला अवघड का, ते पाहा. चुकीचं उत्तर म्हणजे बरोबर उत्तराला (1 + दर) ने भागलेलं उत्तर. शून्याला कशानेही भागा, शून्यच येतं, म्हणून रेषा शून्याला बरोबर जागीच कापते. 0 टक्क्यांवर तर भागायचं 1 ने, तेव्हा तिथेही आकडा बरोबर. दोन्ही नेहमीच्या कसोट्या ती पार करते आणि मधला आकडा चुकतो: 10 टक्क्यांवर 5.39 ऐवजी 4.90 लाख. उतार खोटा येतो आणि तो खोटा आहे हे कळत नाही.

माझी कसोटी अशी आहे. दराच्या सेलमध्ये 1000% टाकून बघा. इतक्या दराला पुढची मिळकत जवळपास नाहीशी होते, म्हणून बरोबर सूत्र वजा 20 लाखांच्या अगदी जवळ आलं पाहिजे. ते वजा 1.8 लाख दाखवत असेल, तर आजचे पैसे आत गेलेत.

दोन बिंदू आणि पट्टी

सूत्र दुरुस्त झालं, आता आलेख. त्या मुलाने 10 टक्के आणि 20 टक्के असे दोन बिंदू घेऊन मध्ये सरळ रेष ओढली. 10 ला अधिक 5.39, 20 ला वजा 5.44. म्हणजे शून्य 15 टक्क्यांच्या आसपास, असं तो म्हणाला. खरी जागा 14.05. जवळजवळ एक टक्क्याचा फरक, आणि तोही आपल्याला सुखावणाऱ्या बाजूला.

कारण ही रेष सरळ नसते, ती खाली उतरत जाता जाता सपाट होते. या बागेत 0 ते 5 टक्क्यांमध्ये एनपीव्ही 15 लाखांनी पडते, 10 ते 15 मध्ये साडेसहा लाखांच्या आत, आणि 25 ते 30 मध्ये जेमतेम सव्वादोन लाखांनी. म्हणून 0 ते 30 पर्यंत दोन-दोन टक्क्यांच्या अंतराने बिंदू घ्या आणि शून्याजवळ अर्ध्या टक्क्याने. चार्ट निवडताना 'लाइन' नको, 'स्कॅटर' घ्या. लाइन चार्ट 10, 12, 20 हे दर सारख्याच अंतरावर मांडतो, त्यामुळे उताराला काही अर्थच उरत नाही.

फक्त कापणारी जागा पाहणं

त्याच्यापुढे दुसरा पर्यायही होता. तेवढ्याच 20 लाखांत माल वाहायची गाडी, पाच वर्षं दरवर्षी 6 लाख सुटतील असा अंदाज. तिची रेष शून्याला 15.2 टक्क्यांवर कापते. 15.2 हे 14.05 पेक्षा मोठं, म्हणून गाडी चांगली, असं त्याच्या घरच्यांचं मत.

दोन्ही रेषा एकाच आलेखावर काढल्या. 10 टक्क्यांवर बाग 5.39 लाख देते, गाडी 2.74. साधारण 13.2 टक्क्यांवर दोन्ही एकमेकींना छेदतात आणि त्यापलीकडे गाडी वर जाते. बागेचे पैसे उशिरा येतात, म्हणून तिची रेष जास्त तीव्र उतरते: दर 10 वरून 12 झाला तर बागेचे 2.87 लाख जातात, गाडीचे 1.12 लाख. (गाडी पाच वर्षांत संपते, बाग बारा वर्षं चालते. म्हणून प्रत्येकीची एनपीव्ही तिच्या वर्षांवर समान वार्षिक रकमेत पसरून बघावी. तसं केलं की 10 टक्क्यांवर बाग वर्षाला 79 हजार, गाडी 72 हजार. 12 टक्क्यांवर मात्र गाडी पुढे जाते. अंतर किती बारीक आहे ते यात दिसतं.)

एक गोष्ट इथेच सांगून टाकतो. बाराव्या वर्षानंतर बाग काढायचा मोठा खर्च धरलात, तर पैशांच्या ओघाची चिन्हं दोनदा बदलतात आणि रेष शून्याला दोनदा कापू शकते. तेव्हा आयआरआरच्या एका आकड्यावर विसंबू नका, आलेख लांबवर काढा.

शेवटी मी त्याला तिसऱ्या वर्षाच्या सेलमध्ये 5 ऐवजी 0 टाकायला सांगितलं. निफाड, दिंडोरीकडे पहिल्याच बहाराला गारपीट होणं कुणाला नवीन नाही. 10 टक्क्यांवरची एनपीव्ही 5.39 वरून 1.63 लाखांवर आली आणि रेष 11.2 टक्क्यांवर शून्याला कापू लागली. तो बराच वेळ त्या 11.2 कडे बघत होता. मग म्हणाला, "काका, आधी दोनच एकर लावतो."