मेल बघायच्या वेळा ठरवताना आधी क्लायंटचं घड्याळ पाहा

हिंजवडीत नवीन लागलेली मुलं आठवड्याभरात एक गोष्ट शिकतात: स्क्रीनच्या कोपऱ्यात मेलची पट्टी आली की हातातलं काम टाकून तिकडे वळायचं. मग कुणीतरी सीनियर सांगतो, दिवसातून तीनदाच मेल बघत जा. सल्ला चुकीचा नाही. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाचा २०१५ सालचा एक अभ्यास आहे. त्यात १२४ जणांना एक आठवडा दिवसातून तीनदाच मेल बघायला सांगितलं, एक आठवडा हवा तेव्हा. तीनदाच्या आठवड्यात त्यांचा ताण कमी होता. पण कोणत्या तीन वेळा, हे आपलं आपल्याला ठरवावं लागतं, आणि पुण्यात बसून ते ठरवायचं तर आधी क्लायंट कुठल्या गावचा ते बघावं लागतं.

आमचा क्लायंट न्यूयॉर्कचा. तिथले सकाळचे ९ म्हणजे उन्हाळ्यात आपले संध्याकाळचे साडेसहा. म्हणजे त्यांचे मेल आपण घरी गेल्यावर, रात्रीत येतात आणि सकाळी आयता ढीग समोर असतो. म्हणून माझी पहिली आणि सगळ्यात मोठी वेळ दहाची, पाऊण तासाची. दुसरी अडीचला, जेवणानंतर, फक्त इथल्या टीमसाठी. पंधरा मिनिटांत उरकते. तिसरी सहाला, त्यांचा दिवस सुरू व्हायच्या आत. जर्मनीचा क्लायंट असेल तर हे सगळं बदलेल, कारण त्यांचे ९ उन्हाळ्यात आपल्या साडेबारालाच वाजतात.

वेळा ठरल्या की पट्टी बंद करायची. जुन्या आउटलुकमध्ये `File > Options > Mail` इथे `Message arrival` खाली चार खुणा आहेत: आवाज, माउसचा बदलणारा बाण, खालच्या पट्टीतलं पाकीट आणि ती कोपऱ्यातली सूचना. चारही काढा. पाकीट ठेवलं तर नजर तिथेच जाते.

मॅनेजरची सूचना मात्र हवीच. त्यासाठी त्यांच्या नावाचा वेगळा नियम करून त्यात `display a Desktop Alert` निवडायचं. वरची खूण काढलेली असली तरी ही सूचना येते, फक्त आउटलुक उघडं पाहिजे.

दुसरा नियम सीसीच्या मेलसाठी. `where my name is not in the To box` ही अट घालून ते वेगळ्या फोल्डरात टाकायचे. इथे एक खड्डा आहे. टीमच्या ग्रुप आयडीवर आलेल्या मेलमध्ये ‘टू’मध्ये ग्रुपचं नाव असतं, तुमचं नसतं. त्यामुळे खुद्द तुमच्या टीमला आलेलं कामही गुपचूप त्या फोल्डरात जातं. ग्रुप आयडी अपवाद म्हणून घालायला विसरू नका. चूक झाली आहे हे कसं कळतं? स्टँडअपमध्ये सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट फक्त तुम्हालाच नवीन वाटते.

आता दहाच्या ढिगातला एक मेल घेऊ. क्लायंट म्हणतो, इन्व्हॉइस रिपोर्टमधली बेरीज जुळत नाही, उद्याचा दिवस संपायच्या आत बघा. नवीन माणूस लगेच रिपोर्ट उघडतो आणि ढीग तसाच राहतो. तसं करू नका. त्यांचा दिवस पाच वाजता संपतो, म्हणजे उन्हाळ्यात आपले रात्रीचे अडीच. दहाला धावपळ करण्यासारखं काही नाही. दोन ओळींचं उत्तर द्या: ‘मिळालं, तुमचा दिवस सुरू व्हायच्या आत निष्कर्ष पाठवते.’ मग तो मेल ओढून कॅलेंडरवर टाका. मजकुरासकट अपॉइंटमेंट तयार होते. वेळ साडेअकरा ते साडेबारा लावा आणि पुढच्या मेलकडे वळा. उत्तर सहाच्या वेळेत जातं, तेव्हा समोरचा नुकताच लॅपटॉप उघडणार असतो.

मधल्या वेळात जुना मेल शोधायला आउटलुक उघडलं की समोर इनबॉक्स येतो आणि पंधरा मिनिटं गेलीच. यावर उपाय सोपा आहे: `File > Options > Advanced` मध्ये सुरुवातीचा फोल्डर इनबॉक्सऐवजी कॅलेंडर करा, आणि आउटलुक दिवसभर उघडं असेल तर मेल बघून झाले की कॅलेंडरवरच ठेवा.

आणि तो एक शेजारी असतोच, जो मेल पाठवून दोन मिनिटांत डेस्कशी येऊन विचारतो, ‘अगं, मेल बघितलास का?’ त्याच्याशी वाद घालू नका. टीमला आधीच सांगून ठेवा, तातडीचं असेल तर फोन करा. मॅनेजरशी हे पहिल्याच आठवड्यात बोलून घेतलेलं बरं. नंतर सांगितलं तर टाळाटाळ वाटते.

नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी अमेरिकेतली घड्याळं एक तास मागे जातात. मग त्यांचे ९ आपल्या साडेसातला होतात. तेव्हा सहाची वेळ सातला सरकवावी लागते, नाहीतर हिंजवडीची बस पकडायची असेल तर सहालाच ठेवून रात्रीचं सकाळवर सोडावं लागतं. मार्चच्या दुसऱ्या रविवारी परत साडेसहा. ज्यांची सपोर्टची पाळी आहे, त्यांना मात्र पाळीपुरतं यातलं काहीच लागू नाही: तिकिटाची सूचना चालूच ठेवायची, वेळापत्रक पाळी संपल्यावर.