स्टेटमेंटमधला अनोळखी व्यवहार: तीन दिवसांचा हिशोब

मोठ्या रकमेआधी बऱ्याचदा एक-दोन रुपयांची वजावट होते. कार्ड चालू आहे का, हे चोर त्यातून तपासतो. म्हणून स्टेटमेंट वाचताना लहान आकडे सोडू नका. नाव अनोळखी असेल तर आधी तारीख आणि रक्कम आपल्या पावत्यांशी जुळवा, कारण दुकानाची पाटी आणि कंपनीचं नोंदणीकृत नाव अनेकदा वेगळं असतं.

जुळलं नाही, तर लगेच कार्ड ब्लॉक करा, बँकेत तक्रार नोंदवून क्रमांक घ्या आणि १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर कळवा. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या नियमानुसार चूक तुमची किंवा बँकेची नसेल आणि बँकेचा संदेश मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर तुमचं नुकसान शून्य. संदेशाचा दिवस मोजत नाहीत: शुक्रवारी आला आणि शनिवारी बँकेला सुट्टी असली, तर मुदत बुधवारपर्यंत. चौथ्या ते सातव्या कामकाजाच्या दिवशी कळवल्यास साध्या बचत खात्यावर प्रत्येक व्यवहारामागे १०,००० रुपयांपर्यंत भार तुमच्यावर येतो. ओटीपी तुम्हीच दिला असेल, तर तक्रार करेपर्यंतचं सगळं नुकसान तुमचं. तिथे एकेक मिनिट महत्त्वाचं. तक्रारीनंतर बँकेने दहा कामकाजाच्या दिवसांत रक्कम तात्पुरती जमा करायची असते.