भक्तिपर गझल: आधी रदीफ पारखून घ्या

ठाण्याच्या कोपिनेश्वराला उद्देशून गझल लिहायची आहे आणि रदीफ, म्हणजे शेराच्या शेवटी जशीच्या तशी पुन्हा येणारी शब्दरचना, निवडली आहे ‘तुझ्या पायरीशी’. तिचा लघु-गुरू अक्षरांचा लगक्रम लगागा लगागा, म्हणजे भुजंगप्रयाताची अर्धी ओळ तयारच आहे. उरलेल्या सहा अक्षरांच्या शेवटी काफिया, म्हणजे यमकाचा शब्द, बसवायचा. मतल्यात, म्हणजे पहिल्या शेरात, तो दोन्ही ओळींत येतो:

उन्हातून आलो तुझ्या पायरीशी
किती शांत झालो तुझ्या पायरीशी

आता ‘लो’ आणि त्याआधीचा ‘आ’ हा स्वर, दोन्ही बांधले गेले. पुढे ‘न्हालो’, ‘म्हणालो’ चालतील. ‘गेलो’ वृत्तात बसतो, पण ‘आ’च्या जागी ‘ए’ येतो आणि अलामत, म्हणजे काफियातला हा बांधलेला स्वर, तुटते. नवख्यांची चूक अनेकदा इथेच होते, म्हणून शेर लिहिण्यापूर्वी आठ-दहा काफियांची यादी करा.

यादीतला प्रत्येक शब्द रदीफेसह मोठ्याने वाचा. ‘घराला निघालो तुझ्या पायरीशी’ यात वृत्त आणि काफिया बिनचूक आहेत, तरी ओळ फसते. निघणे पायरीहून असते आणि रदीफेतला ‘शी’ बदलता येत नाही. असा काफिया कितीही आवडला तरी सोडा.

मतल्यानंतर प्रत्येक शेराची पहिली ओळ यमकातून मोकळी असते, वृत्त मात्र तेच:

मनाशी किती मागण्या योजलेल्या
न काही म्हणालो तुझ्या पायरीशी

इथे रदीफ काढली तर मौन कुठले तेच कळत नाही. भजनाच्या ध्रुपदासारखी ती नुसती पुन्हा येऊन भागत नाही, दर शेरात तिला काम हवे. असे किमान पाच शेर लिहा, प्रत्येक स्वतंत्र अर्थाचा.