कौलारू कैचीचा पायाचा सांधा: बोल्ट वाढवण्याआधी या चुका टाळा

खानापूर, जांबोटीकडच्या कौलारू घरांत कैची, म्हणजे छत पेलणारी लाकडी त्रिकोणी चौकट, मोडते ती बहुतेकदा वाशाच्या मध्यावर नाही, तर भिंतीवरच्या पायाच्या सांध्यात, जिथे तिरका वासा आडव्या टायला बोल्टने जोडलेला असतो. मंगळुरी कौलांच्या वजनाने वासा भिंतीबाहेर सरकू पाहतो आणि टाय त्याला धरून ठेवतो. म्हणजे वासा बोल्टला टायच्या टोकाकडे ढकलतो. या सांध्याच्या बहुतेक चुका ही दिशा ध्यानात न घेतल्यामुळे होतात.

एक उदाहरण घेऊ. छताचा उतार ३० अंश. वाशाची जाडी ५० मिमी, खोली १५० मिमी. टायच्या दोन फळ्या, दोन्ही १५० मिमी खोल, वाशाच्या दोन्ही बाजूंना. बोल्ट १६ मिमी, म्हणजे दुकानात मिळणारा पाच सुती. कैचीच्या हिशोबातून वाशात १२ किलोन्यूटन दाब येतो असे धरू. एक बोल्ट लाकडाच्या रेषांच्या दिशेने ६ आणि रेषांना आडव्या दिशेने ३ किलोन्यूटन पेलतो असेही धरू. हे दोन आकडे सगळीकडे चालणारे नाहीत. ते लाकडाची जात, जाडी आणि ओल पाहून घ्यायचे असतात.

पहिली चूक इथेच होते. १२ भागिले ६, दोन बोल्ट पुरे, असा सरळ हिशोब केला जातो. पण वाशाचा जोर टायच्या रेषांशी ३० अंशांत येतो. तिरक्या जोराची क्षमता N अशी काढतात, यात P म्हणजे रेषांच्या दिशेची क्षमता, Q रेषांना आडवी क्षमता आणि θ हा जोराचा रेषांशी कोन:

```
N = P×Q / (P sin²θ + Q cos²θ)
  = 6×3 / (6×0.25 + 3×0.75) = 4.8
```

म्हणजे बोल्टमागे ४.८ किलोन्यूटन. १२ ला भागले की अडीच येतात, म्हणून बोल्ट तीन लागतात.

आता ते तीन बसवायचे कुठे? दुसरी आणि सगळ्यात महाग चूक म्हणजे टायचे टोक भिंतीच्या तोंडाशी छाटून टाकणे. बाहेरून साफ दिसते म्हणून मालकही खूश असतो. भारतीय मानकाप्रमाणे ओढ येणाऱ्या टोकापासून बोल्टचे अंतर सागवान, ऐनासारख्या कठीण लाकडात व्यासाच्या ५ पट, म्हणजे ८० मिमी हवे. मऊ लाकडात ७ पट, म्हणजे ११२ मिमी. ४० मिमीच ठेवले तर बोल्ट शाबूत राहतो आणि त्याच्या पुढचा लाकडाचा तुकडा रेषेवरून निसटतो. जाड बोल्ट घातल्याने हे थांबत नाही, उलट अंतराची गरज वाढते.

तिसरी चूक कडेच्या अंतराची. वासा टायला खालीही दाबतो, म्हणून टायच्या खालच्या कडेपासून ४ पट, ६४ मिमी सोडावे लागते. वरच्या कडेला दीड पट, २४ मिमी चालतात. १५० मिमी टायच्या मध्यरेषेवर बोल्ट आले की दोन्ही सांभाळले जाते. एका ओळीतल्या बोल्टांत किमान ४ पट, ६४ मिमी हवेत. इथे ७५ ठेवू, म्हणजे तिरक्या वाशाच्या दिशेनेही जवळपास ६५ मिळतात. तीन बोल्टांची ही आडवी ओळ वाशात मात्र तिरपी पडते आणि वाशाच्या खोलीतले ७५ मिमी व्यापते. दोन्ही कडांचे २४-२४ धरून १२३ मिमी होतात. १५० च्या वाशात हे बसते, चार इंचीत बसत नाही. ‘चार इंची घ्या, बोल्ट जास्त मारू’ हा सल्ला म्हणून ऐकू नये. जागाच नसेल तर जास्तीचा बोल्ट क्षमता वाढवत नाही, तो फक्त चीर पडायला वाट करून देतो.

दोन ओळी करायच्या झाल्या तर रेषांना आडव्या जोरासाठी ओळींमधले अंतर लाकडाची जाडी आणि बोल्टचा व्यास यांच्या प्रमाणावर ठरते: प्रमाण २ असेल तर अडीच पट, ६ किंवा जास्त असेल तर ५ पट. आपले ५० भागिले १६, साधारण ३.१, म्हणून सुमारे ५१ मिमी. टायच्या ६४ आणि २४ मध्ये ते जेमतेम बसते. मला तरी एकच ओळ बरी वाटते.

भोक १७ मिमीपेक्षा मोठे नको आणि डोक्याखाली व नटाखाली दोन्हीकडे वायसर हवाच. ओले लाकूड वापरले असेल तर ते सुकून आकसते, नट सैल होतात. पहिल्या उन्हाळ्यानंतर ते पुन्हा आवळा.

जुन्या कैचीत टायच्या टोकाकडे जाणारी, बोल्टच्या भोकातून निघालेली चीर शोधा. भोक लांबट झालेले, वायसर लाकडात रुतलेला, भिंतीच्या माथ्याला बाहेरच्या बाजूने तडा, ही सगळी वासा बाहेर सरकल्याची लक्षणे आहेत. त्याच चिरेत नवा बोल्ट मारू नका. आधी कैचीला खालून टेकू द्या. मग टायच्या चिरलेल्या टोकाच्या बाजूने नव्या फळ्या जोडा. त्या शाबूत लाकडापर्यंत मागे न्या आणि तिथे अंतरे पाळून बोल्ट बसवा. वाशाचे बोल्टही या फळ्यांतून न्या आणि फळ्यांचे टोक शेवटच्या बोल्टच्या पुढे ८० मिमी, मऊ लाकूड असेल तर ११२ मिमी, राहू द्या.