युरोफ्लो करताना आकड्याआधी आकार बघा

नाशिकला युरॉलॉजी ओपीडीत टेक्निशियन म्हणून लागलेल्या नवीन पोरापोरींसाठी लिहितोय. युरोफ्लो म्हणजे लघवीच्या धारेचा वेग मोजायची टेस्ट. तिचं मशीन शिकायला फार वेळ लागत नाही, ग्राफ वाचायला लागतो. त्यातल्या त्यात क्यूमॅक्स, म्हणजे सगळ्यात जास्त वेग, मशीनने छापला म्हणून तसाच रिपोर्टवर उतरवायचा नाही.

एक केस सांगतो. निफाडकडचे द्राक्षवाले काका, वय अठ्ठावन्न, धार बारीक, बाहेर कुठेतरी प्रोस्टेट समजून बरेच महिने टॅमसुलोसिन चालू होती पण फरक शून्य. मशीनने क्यूमॅक्स दिला सेकंदाला १९ मिली, म्हणजे वरवर बघता नॉर्मलच. पण ग्राफमध्ये तो १९ म्हणजे सुईसारखं एक टोक होतं, सेकंदभरसुद्धा नाही, काका हलले आणि धार फनेलच्या कडेवरून सरकली की असं टोक येतं. ते सोडलं तर ग्राफ लगेच ७ पर्यंत चढला आणि टेबलासारखा सपाट चालत राहिला, २४० मिली व्हायला ४० सेकंद, म्हणजे सरासरी सेकंदाला ६ मिली. खरा क्यूमॅक्स ७ धरायचा.

लगेच सोनोग्राफीत उरलेली लघवी मोजली, ७ गुणिले ६ गुणिले ४ सेमी गुणिले ०.५२, म्हणजे साधारण ८७ मिली. लगेच म्हणजे खरंच लगेच हां, पेशंट चहा पिऊन आला तर तो आकडा फुकट.

आता आकाराचं. नॉर्मल ग्राफ घंटेसारखा असतो. प्रोस्टेटमध्ये बहुतेक वेळा कमी उंचीचा, हळूहळू उतरणारा, लांब शेपटीचा दिसतो. सपाट टेबल दिसलं की मूत्रमार्ग आकसल्याची, म्हणजे स्ट्रिक्चरची शंका घ्यायची, कारण भोकच ठराविक मापाचं, मूत्राशयाने जोर वाढवला तरी वेग फारसा वाढत नाही. काकांना खोदून विचारलं तर कळलं की पूर्वी अपघातानंतर बरेच दिवस कॅथेटर होता. सरांनी आरजीयू, म्हणजे मूत्रमार्गात औषध सोडून काढायचा एक्सरे, करायला लावला, त्यात स्ट्रिक्चर निघालं. टॅमसुलोसिन प्रोस्टेट आणि मूत्राशयाच्या तोंडाचे स्नायू सैल करते, व्रणाचा आकस ती कशी उघडणार? मग दुर्बिणीतून कापायचं की युरेथ्रोप्लास्टी, हे आकस किती लांब आणि कुठे आहे त्यावर सर ठरवतात.

टेस्टच्या आधी एवढं बघा की लघवी १५० मिलीच्या वर होईल, कमी झाली तर ग्राफवर विश्वास ठेवू नका, पुन्हा करा. उलट पाण्याच्या बाटल्या पाजून मूत्राशय फुगवलं तरी वेग खोटा कमी येतो आणि मागे जास्त उरते. "काका, घरी करता तशीच करा, कुंथू नका" म्हणायचं आणि दार लावून बाहेर थांबायचं, कोणी समोर उभं असेल तर भल्याभल्यांना होत नाही.

आणि एक, वेग कमी आणि मागे बरीच उरते एवढ्यावरून अडथळा आहे असं लिहू नका. बऱ्याच वर्षांचा डायबेटिस असेल तर मूत्राशयच थकलेलं असू शकतं, कुंथून कुंथून केल्यामुळे ग्राफ तुटक, टेकड्याटेकड्यांचा येतो, आणि अशा माणसाचं प्रोस्टेट कापलं तरी धार सुधारेलच असं नाही. अडथळा की अशक्तपणा हे युरोफ्लो सांगू शकत नाही, त्याला प्रेशर मोजणारी युरोडायनॅमिक टेस्टच लागते.