‘७’ की ‘6’? एकाच मेसेजमध्ये मराठी आणि साधे अंक मिसळत असाल तर या चुका टाळा

काही महिन्यांपूर्वी एका बैठकीचा मेसेज मी स्वतः टाइप करून पाठवला होता:

‘बैठक रविवारी १4 तारखेला सकाळी ७:30 वाजता, सभागृह क्र. 2.’

तासाभरात एकीने विचारलं, “तारीख 94 कशी असेल? की 4 च्या आधीचं ते काहीतरी चिन्ह आहे?” तिला उत्तर दिलं, सगळ्यांना तारखेचा खुलासा पाठवला आणि विषय संपला असं समजलो. रविवारी मी सव्वासातला पोहोचलो तेव्हा दोघं जण पाऊण तासापासून बंद दारापाशी उभे होते. त्यांनी वेळ 6:30 अशी वाचली होती.

या दोन घटनांमधला फरक नीट पाहायला हवा. तारखेतली चूक लगेच पकडली गेली, कारण महिन्यात 94 तारीख नसते. वेळेतली चूक कुणालाच दिसली नाही, कारण सकाळी साडेसहा ही अगदी शक्य वाटणारी वेळ आहे. मिसळलेल्या अंकांचा खरा धोका हाच आहे. ज्याला विचित्र चिन्ह दिसतं तो विचारतो, पण ज्याला चुकीचा अंक दिसतो तो विचारत नाही.

सगळे अंक सारखेच फसवे नाहीत. ०, २ आणि ३ साध्या अंकांच्या इतके जवळ आहेत की मराठी अंक न शिकलेला माणूसही ते बरोबर वाचतो. ५, ६, ८ आणि ९ त्याला अनोळखी वाटतात. ८ मध्ये कुणाला इंग्रजी सी दिसतो, ९ मध्ये प्रश्नचिन्ह, ६ मध्ये उलटा तीन. ही ‘काहीतरी चिन्हं’ म्हणून सोडली जातात, म्हणजे निदान शंका तरी येते. खरा घात करतात ते तीन अंक: १ हा 9 सारखा दिसतो, ४ हा 8 सारखा आणि ७ हा 6 सारखा. शिवाय हे उलट दिशेनेही घडतं. आयुष्यभर मराठी अंकांतच हिशेब केलेल्या माणसाची नजर घाईत 9 ला १ आणि 8 ला ४ समजून पुढे जाते.

मराठी वाचणाऱ्याला मराठी अंक कसे येत नाहीत, असं म्हणून चिडण्यात अर्थ नाही. अक्षरं सफाईने वाचणारी, पण गणित पहिल्यापासून इंग्रजी माध्यमात शिकलेली कितीतरी मुलं आता मोठी झाली आहेत. केंद्राच्या हिंदी कागदपत्रांतही अक्षरं देवनागरी आणि अंक मात्र 1, 2, 3 असतात. राज्यघटनेच्या कलम ३४३ मध्येच तशी तरतूद आहे. त्यामुळे देवनागरी मजकुरात साधे अंक पाहण्याची सवय अनेकांना आहे, आणि शेजारी 4 दिसला की आधीचा १ सुद्धा त्याच कुळातला असणार असं नजर गृहीत धरते. तोच आकडा पूर्ण मराठीत, ‘१४’ असा असता, तर न येणाऱ्याला निदान कळलं असतं की ही लिपी आपल्याला वाचता येत नाही.

एवढी भेसळ होते कशी? मुद्दाम कुणी करत नाही. मराठी कीबोर्डवर सुरुवात होते, मध्येच इंग्रजीवर जाऊन परत येणं होतं. काही कीबोर्डवर एकच कळ नुसती दाबली तर एक अंक आणि दाबून धरली तर दुसरा येतो. माझ्या मेसेजमधलं ‘:30’ तर जुन्या मेसेजमधून चिकटवलेलं होतं.

कुणी “चिन्हं दिसतात” म्हटलं की बहुतेक जण फोन किंवा फॉन्टला दोष देतात. ते तपासायला सोपं आहे. मराठी अंक आणि मराठी अक्षरं युनिकोडच्या एकाच विभागात आहेत. त्यामुळे ‘रविवारी’ हा शब्द नीट दिसत असेल आणि फक्त अंक विचित्र वाटत असतील, तर सहसा फोन ठीक असतो आणि अडचण वाचण्याची असते. मराठी अंकांच्या जागी रिकामे चौकोन दिसत असतील तर फॉन्ट नाही. आणि ‘?4’ किंवा ‘?:30’ असं, म्हणजे साधे अंक शाबूत आणि मराठी अंकांच्या जागी प्रश्नचिन्हं दिसत असतील, तर मेसेज वाटेतल्या एखाद्या प्रणालीने देवनागरी न समजता पुढे ढकलला आहे. अशा वेळी समोरच्याला फोनची सेटिंग बदलायला सांगून उपयोग नाही. तो आकडा पुन्हा साध्या अंकांत पाठवावा लागतो.

साध्या एसएमएसमध्ये आणखी एक गोम आहे. रोमन अक्षरांतल्या मेसेजला १६० अक्षरांची मर्यादा असते. त्यात एक जरी देवनागरी अंक आला तरी अख्खा मेसेज युनिकोडमध्ये जातो आणि मर्यादा ७० वर येते. लांब मेसेजचे तुकडे प्रत्येकी ६७ चे पडतात. म्हणजे रोमनमध्ये लिहिलेला १५० अक्षरांचा मेसेज, जो एकात गेला असता, तो एका ‘१’ पायी तीन तुकड्यांत जातो. मेसेज मोजून पैसे भरणाऱ्याने हे पाठवण्याआधी बघावं.

मी आता एक साधा नियम पाळतो. जो आकडा कुणीतरी डायल करणार, कुठे टाइप करणार किंवा ज्यावर टिचकी मारणार, तो कायम साध्या अंकांत: फोन नंबर, पिनकोड, ओटीपी, लिंक. संगणकाच्या दृष्टीने ७ आणि 7 ही दोन वेगळी चिन्हं आहेत (U+096D आणि U+0037), म्हणून अनेक फॉर्म ‘७’ नाकारतात आणि 7 शोधला तर ७ सापडेलच असं नाही. अशा आकड्यामुळे मेसेजमध्ये साधे अंक आलेच, तर तारीख आणि वेळही साध्याच अंकांत लिहितो. वेळेसाठी मात्र मला शब्द जास्त आवडतात. ‘सकाळी साडेसात’ मध्ये सात आणि सहाचा घोटाळा होऊच शकत नाही. आणि वाचणारे सगळे मराठी अंकांत रुळलेले असतील, तर पूर्ण मेसेज मराठी अंकांतच लिहावा. हा लेखही तसाच लिहिला आहे, साधे अंक फक्त नमुन्यापुरते आहेत.

पाठवण्याआधी एकच नजर फक्त अंकांवरून फिरवा, मजकूर न वाचता. मजकूर वाचत गेलात तर आपल्याला ठाऊक असलेली वेळच डोळ्यांना दिसते. मेसेज मोठ्या यादीतून जात असतील तर पायथनमध्ये एवढी ओळ पुरते:

```
s.translate(str.maketrans("०१२३४५६७८९", "0123456789"))
```

ही ओळ उलट दिशेने, म्हणजे साध्याचे मराठी अंक करायला, अख्ख्या मेसेजवर चालवू नका. तारीख छान दिसेल, पण त्याच मेसेजमधल्या लिंकमधला 7 सुद्धा ७ होईल आणि ती लिंक उघडणार नाही.